रिमोट इंटर्नशिपची व्हिडिओ मुलाखत: घरातल्या सामानात कॅमेरा, उजेड आणि इंटरनेटची तयारी

रिमोट इंटर्नशिपच्या मुलाखतीचा मेल आला की बरेच जण आधी वेबकॅम आणि रिंग लाइटच्या किमती शोधायला लागतात. समोरच्याला चेहरा नीट दिसला पाहिजे आणि आवाज न तुटता पोचला पाहिजे, एवढंच खरं काम आहे, आणि ते बहुतेक घरांत आहे त्या सामानात होतं. त्यासाठी उजेड कुठल्या बाजूने पडतोय आणि वायफाय नेमकं कुठे अडखळतंय हे शोधावं लागतं. तेही मुलाखत ज्या वेळी आहे त्याच वेळी. सकाळी अकराला प्रसन्न दिसणारी खोली रात्री साडेसातला पार वेगळी असते, आणि दुपारी सुरळीत चालणारं इंटरनेट संध्याकाळी सगळी बिल्डिंग घरी आली की तसं राहत नाही.

जुलैमध्ये माझ्या भाचीची अशी मुलाखत होती. ती कराडला राहते. घर दोन खोल्यांचं, लॅपटॉप पाच वर्षं जुना, बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि आजी-आजोबा, आणि अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत. तिच्यासाठी जे जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण हे घर बऱ्याच जणांच्या घरासारखंच आहे.

आधी वेळ पक्की करा

मुलाखत देशातल्या कंपनीची असेल तर हा भाग सोडून पुढे जा. परदेशातली असेल तर घड्याळाचा हिशेब स्वतः करा. भाचीला ‘सकाळी १०, ईस्टर्न टाइम’ असं कळवलं होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात. त्यामुळे जुलैमध्ये तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि डिसेंबरमध्ये तेच दहा म्हणजे रात्रीचे साडेआठ. इंग्लंडमध्येही घड्याळ बदलतं, पण तारखा वेगळ्या: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. कॅलेंडरचं निमंत्रण आलं असेल तर ते स्वीकारा, फोन स्वतःच भारतीय वेळ दाखवतो.

वेळ कळली की उजेडाचा प्रश्न निम्मा सुटतो. दिवसा खिडकी हाच सर्वांत चांगला दिवा. रात्री ट्यूबवर भागवायचं असतं.

उजेड: बसायची दिशा बदला, मग दिव्याचं बघा

लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा सेन्सर अगदी बारीक असतो. उजेड कमी पडला की तो प्रत्येक चित्र जास्त वेळ घेऊन टिपतो, म्हणून हालचाल पुसट दिसते, आणि मिळालेला थोडका उजेड वाढवून दाखवतो, म्हणून चेहऱ्यावर दाणे दिसतात. हे दाणे इंटरनेटलाही जड जातात. प्रत्येक क्षणी बदलणारे ठिपके दाबून पाठवणं सॉफ्टवेअरला जमत नाही, आणि लाइन मंद असेल तर चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं. ‘माझा कॅमेरा भंगार आहे’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यातल्या बहुतेकांचा कॅमेरा ठीक असतो, उजेड चुकीच्या बाजूला असतो.

भाचीच्या टेबलामागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, ट्यूब होती. म्हणजे उजेड तिच्या केसांवर आणि खांद्यांवर, आणि चेहरा काळोखात. डोळ्यांच्या खोबणीत सावली, नाकाखाली सावली. त्यात कॅमेरा सगळ्या चित्राचा सरासरी उजेड धरून स्वतःला जुळवून घेतो. मागे ट्यूब किंवा खिडकी चमकत असली की त्याला खोली उजळ वाटते आणि तो चेहरा आणखी काळा करतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘कमी उजेडासाठी सुधारणा’ असा पर्याय असतो, पण तो असलेलं चित्रच उजळवतो, त्याबरोबर दाणेही उजळतात.

पहिला उपाय फुकटचा. टेबल उलटं फिरवलं. आता ट्यूबची भिंत तिच्या समोर आली, लॅपटॉपच्या मागे, आणि उजेड चेहऱ्यावर पडायला लागला. एवढ्यानेच चित्र ओळखू न येण्याइतकं बदललं. तुमच्या घरात टेबल हलत नसेल तर खुर्ची हलवा आणि लॅपटॉप स्टुलावर ठेवा. नियम एकच, सर्वांत मोठा उजेड तुमच्या समोर आणि कॅमेऱ्याच्या मागे हवा.

ट्यूब उंचावर असल्याने डोळ्यांखाली थोडी सावली उरलीच. तिथे टेबल लॅम्प कामाला आला. त्यात ९ वॉटचा एलईडी बल्ब होता. तो थेट तोंडावर मारला की कपाळ आणि नाक चमकतं, डोळे बारीक होतात, चष्मा असेल तर काचेत पांढरा गोळा दिसतो. म्हणून दिव्याचं तोंड तिच्याकडे न करता लॅपटॉपच्या मागच्या भिंतीकडे केलं. भिंतीवर आपटून येणारा उजेड पसरट आणि मऊ असतो, कारण आता बल्बऐवजी दोन-तीन फुटांची भिंत उजेड देत असते.

इथे एक अडचण आली. ती भिंत हिरवी होती, आणि परतून येणाऱ्या उजेडात चेहराही हिरवट दिसायला लागला. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोन पांढऱ्या कार्डशीट आणल्या आणि भिंतीवर चिकटवल्या. हिरवटपणा गेला, उजेडही वाढला. भिंत पांढरी असेल तर याची गरज नाही. टेबल भिंतीपासून लांब असेल तर खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकून ती खुर्ची लॅपटॉपच्या मागे ठेवली तरी चालतं.

बल्ब निवडताना खोक्यावरचा रंगाचा आकडा बघा. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूब आणि बल्ब बहुतेक ६५०० केल्व्हिनचे असतात, खोक्यावर `Cool Day Light` लिहिलेलं असतं. पिवळसर बल्ब ३००० केल्व्हिनच्या आसपासचा. ट्यूब पांढरी आणि लॅम्प पिवळा असं मिश्रण झालं की कॅमेरा गोंधळतो, चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी केशरी दिसते. दोन्ही एकाच रंगाचे ठेवा.

आता पंखा. जुलैचा उकाडा, त्यामुळे छताचा पंखा चालू होता, आणि ट्यूब पात्यांच्या थोडी वर. पात्यांच्या सावल्या चेहऱ्यावरून सारख्या सरकत होत्या. खोलीत बसल्यावर डोळ्यांना ते जाणवतही नाही, कॅमेऱ्यात मात्र चेहरा फडफडल्यासारखा दिसतो. छताचा पंखा बंद करून टेबल फॅन बाजूला, कमी वेगावर ठेवला, वारा माइकवर येणार नाही असा.

तशीच दिसणारी पण वेगळी एक तक्रार असते. पंखा बंद असूनही चित्रात आडवे पट्टे वरून खाली सरकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि कॅमेरा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर असला की हा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या किंवा मीटिंग अॅपच्या सेटिंगमध्ये ‘फ्लिकर’ शब्द असलेला पर्याय शोधा आणि ५० हर्ट्झ करा. पर्याय सापडत नसेल तर तो एक दिवा बंद करून दुसरा लावून बघा. स्वस्त एलईडीत हा प्रकार जास्त असतो.

चष्मेवाल्यांसाठी दोन गोष्टी. काचेत लॅपटॉपचा पडदा चमकत असेल तर पडद्याची चमक निम्म्यावर आणा. दिव्याचं प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा आणखी वर आणि बाजूला सरकवा. चष्मा काढून बसू नका, डोळे बारीक करून पडदा वाचताना माणूस अवघडलेला दिसतो.

मुलाखत दिवसा असेल तर खिडकीसमोर बसा, पण पश्चिमेच्या खिडकीपासून सावध राहा. दुपारी दोनला तिथे छान मऊ उजेड असतो आणि चार-साडेचारला ऊन थेट तोंडावर येतं. पातळ पांढरा पडदा किंवा ओढणी लावली की ऊन मऊ होतं. पावसाळ्यात ढग आले की उजेड मिनिटात उतरतो, म्हणून दिवसासुद्धा समोरची ट्यूब चालूच ठेवा.

कॅमेरा: उंची, अंतर आणि पुसलेली काच

आधी मऊ कापडाने, चष्म्याच्या कापडाने, कॅमेऱ्याची काच पुसा. लॅपटॉप उघडताना बोट नेमकं तिथेच लागतं, आणि तेलकट ठशामुळे दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं. हे केल्याशिवाय कॅमेऱ्याला नावं ठेवू नका.

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा. टेबलावर नुसता ठेवलेला लॅपटॉप खालून बघतो, त्यात नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. खाली जाड पुस्तकं घाला, साधारण वीतभर उंची लागते. पडदा मागे न कलवता उभा ठेवा. एक अडचण मात्र लक्षात घ्या. प्रोग्रामिंगची मुलाखत असेल आणि टाइप करायचं असेल तर उचललेल्या लॅपटॉपवर हात अवघडतात, आणि टाइप करताना पडदा हलतो म्हणजे चित्रही हलतं. साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस मित्राकडून दोन दिवसांसाठी आणा. तो मिळणार नसेल तर लॅपटॉप अर्धाच उचला आणि स्वतः थोडं मागे सरका. टाइप करता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

अंतर हातभर, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर. डोक्याच्या वर थोडी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग दिसावा. बोलताना हात थोडे दिसले तर चांगलंच.

नजर कुठे ठेवायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो. समोरच्याचा व्हिडिओ पडद्यावर खाली कोपऱ्यात असेल तर तुम्ही सतत खाली बघताना दिसता. मीटिंगची खिडकी लहान करा आणि सरकवून थेट कॅमेऱ्याच्या खाली आणा. मग त्यांच्याकडे बघितलं तरी नजर कॅमेऱ्याच्या जवळ राहते. स्वतःचं चित्र नीट बसलंय हे एकदा बघा आणि लपवा. झूममध्ये स्वतःच्या चित्रावर राइट क्लिक केलं की `Hide Self View` मिळतं.

फोनचा कॅमेरा लॅपटॉपपेक्षा बरा असतो हे खरं, आणि तो वेबकॅम म्हणून जोडणारी अॅपही आहेत. पण पहिल्याच मुलाखतीला मी तो मार्ग सुचवणार नाही. फोन तापतो, मध्येच कोणाचा तरी फोन येतो, आणि पर्यायी इंटरनेटसाठी ठेवलेला तोच फोन अडकून पडतो. जुन्या लॅपटॉपमधला ७२०पी कॅमेराही समोरून चांगला उजेड असेल तर पुरतो, कारण मीटिंगमध्ये समोरच्याला तुमचं चित्र पडद्याच्या एका भागातच दिसतं. लॅपटॉपच नसेल तर फोनवरून मुलाखत द्या, पण फोन आडवा धरून पुस्तकांना टेकवा, हातात धरू नका. स्क्रीन शेअर करावी लागणार आहे का हे मेलने आधीच विचारा.

आवाजाबद्दल थोडक्यात. वायरचे माइकवाले इअरफोन वापरा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर आवाजाचा दर्जा उतरतो, आणि ते नेमक्या वेळी फोनला जाऊन जोडले जातात. माइकची तार शर्टाच्या बटणांवर किंवा दागिन्यांवर घासत नाही ना, एवढं बघा.

मागची भिंत

यावर फार वेळ घालवू नका. साधी भिंत, बंद कपाट किंवा नीट लावलेली पुस्तकं, यांतलं काहीही चालतं. वाळत घातलेले कपडे आणि उघडं दार तेवढं नको, कारण दारातून कोणी गेलं की समोरच्याची नजर तिकडे जाते. देवघर दिसत असेल तर दिसू द्या, पण समई किंवा रंगीत माळ चालू नको, ते उजेडाचे ठिपके कॅमेऱ्याला भुलवतात.

जमलं तर पाठ आणि भिंत यांत तीन-चार फूट अंतर ठेवा, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. भाचीच्या मागे आता कपड्यांची दोरी आली होती. दोरी रिकामी केली, फिकट रंगाची इस्त्री केलेली चादर चिमट्यांनी ताणून लावली. ताणलेली चादर भिंतीसारखी दिसते, सुरकुतलेली चादर चादरच दिसते.

आभासी बॅकग्राउंड आणि ब्लर टाळा, विशेषतः जुन्या लॅपटॉपवर. प्रत्येक चित्रातून माणूस कापून काढायला प्रोसेसर राबतो, लॅपटॉप तापतो, आतला पंखा घरघरतो आणि तो आवाज माइकमध्ये जातो. उजेड कमी असेल तर कान, केस आणि हलणारे हात मधूनमधून गायब होतात. लॅपटॉप नवा असेल आणि खोली खरंच दाखवण्यासारखी नसेल तर हलका ब्लर चालेल, पण पंधरा मिनिटं चालवून लॅपटॉप तापतो का ते बघा.

इंटरनेट: वेगापेक्षा सातत्य

‘आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे, यूट्यूब कधी अडत नाही,’ असं भाचीचं म्हणणं होतं. पण यूट्यूब पुढचा काही सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं, मध्ये दोन सेकंद लाइन अडली तरी कळत नाही. बोलण्याला ही सोय नाही. तुम्ही म्हटलेला शब्द लगेच पोचला पाहिजे, उशिरा आलेला तुकडा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून सरासरी वेगाइतकंच किंवा त्याहून जास्त महत्त्व सातत्याला आहे.

वेग लागतो तो फार नाही. झूमच्या सांगण्यानुसार दोघांच्या कॉलला ७२०पी चित्रासाठी जाता-येता प्रत्येकी १.२ एमबीपीएस पुरतात, आणि साध्या दर्जासाठी ०.६. नुसत्या आवाजाला तर ०.१ सुद्धा लागत नाही. `speedtest.net` वर डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा, कारण तुमचं चित्र अपलोडमधून जातं. तो ५ च्या वर असेल तर वेगाची काळजी सोडा.

आता सातत्य मोजायचं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी राउटरचा पत्ता काढा:

```
ipconfig
```

त्यात `Default Gateway` समोर जो आकडा दिसेल तो राउटर. बऱ्याच घरांत `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. मग या दोन ओळी एकामागून एक चालवा, पहिलीत तुमच्या राउटरचा आकडा घालून:

```
ping -n 60 192.168.1.1
ping -n 60 8.8.8.8
```

मॅक किंवा लिनक्सवर `-n` ऐवजी `-c` लिहा. पहिली ओळ लॅपटॉप ते घरातला राउटर एवढंच अंतर तपासते. दुसरी घराबाहेर, गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाते. दोन्ही मिळून बिघाड कुठे आहे हे सांगतात. भाचीकडे संध्याकाळी साडेसातला पहिल्या ओळीचं उत्तर असं येत होतं:

```
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=4ms TTL=64
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=212ms TTL=64
Request timed out.
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=7ms TTL=64
```

घरातल्या घरात, दोन खोल्यांच्या अंतरात, ४ वरून २१२ मिलिसेकंद आणि मध्ये एक उत्तर गायबच. राउटरपर्यंतचा आकडा एक आकडी किंवा दहा-पंधराच्या आत आणि जवळपास सारखा असायला हवा. तो उड्या मारतोय म्हणजे दोष वायफायचा, इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. पहिली ओळ स्थिर आणि दुसरी उड्या मारतेय, तर दोष बाहेरच्या लाइनचा, तेव्हा तक्रार नोंदवा आणि मोबाइल डेटाची तयारी ठेवा. साठात एखादी उडी आली तर घाबरू नका. काही राउटर पिंगला मुळातच उत्तर देत नाहीत. इंटरनेट चालू आणि पहिल्या ओळीत सगळीच उत्तरं गायब, असं दिसलं तर तसं समजा, आणि राउटरशेजारी बसून व आपल्या जागेवर बसून दुसरीच ओळ चालवून फरक बघा.

वायफाय बिघडण्याचं कारण इथे दोन भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर. राउटर सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो. २.४ ची लहर भिंतींतून बरी जाते, पण ती शेजारच्या सगळ्या घरांत वापरात असल्याने गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिच्यातच व्यत्यय आणतो. ५ ची लहर मोकळी असते, पण जाड भिंत लागली की दम सोडते. तुम्ही राउटरच्याच खोलीत बसणार असाल तर नावापुढे `5G` असलेलं वायफाय निवडा. भिंतीपलीकडे बसणार असाल तर दोन्ही जोडून वरची तपासणी करा आणि स्थिर असेल ते ठेवा.

भाचीच्या खोलीत दोन्ही अस्थिर होती, म्हणून वायर टाकली. कॉम्प्युटरच्या दुकानात दोन्ही टोकांना पिन बसवलेली दहा मीटरची लॅन केबल मिळते, `Cat 5e` किंवा `Cat 6` काहीही चालेल. तिच्या लॅपटॉपला लॅनचं भोक नव्हतं, त्यामुळे यूएसबीला लावायचा अडॅप्टरही घ्यावा लागला. केबल चौकटीच्या कडेने नेऊन टेपने चिकटवली, कोणाचा पाय अडकू नये म्हणून. पुन्हा तपासणी केली तर साठच्या साठ ओळींत `time<1ms`. अख्ख्या तयारीत मोजून पैसे खर्चावेत अशी वस्तू मला हीच वाटते. वायर लावल्यावर लॅपटॉपचं वायफाय बंद करा, म्हणजे तो चुकूनही तिकडे वळणार नाही.

राहिली एक गोष्ट, घरातले बाकीचे फोन. आजोबांच्या फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वायफायवर गूगल फोटोजला चढत होते. मोठं अपलोड चालू असलं की राउटरवर रांग लागते आणि तुमच्या आवाजाचे तुकडे त्या रांगेत अडकतात. वेग कितीही असला तरी कॉल अडखळतो. त्या तासाभरापुरतं घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय बंद करायला सांगा. स्वतःच्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक थांबवा, आणि विंडोजचे अपडेट आठवडाभर पुढे ढकला. नाहीतर नेमक्या वेळी तो रीस्टार्ट मागतो.

वीज गेली तर

फायबरच्या जोडणीत काही घरांत दोन डबे असतात, एक फायबरचा आणि एक वायफायचा. दोघांनाही वीज लागते. घरी इन्व्हर्टर असेल तर हे डबे ज्या प्लगमध्ये आहेत तो प्लग इन्व्हर्टरवर आहे का, हे मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष बघा. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवा, बहुतेकांवर १२ असतो. तरीही भागात वीज गेली की केबलवाल्याच्या खांबावरचं यंत्र बंद पडू शकतं, आणि मग तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. म्हणून मोबाइल डेटा हवाच.

फोन लॅपटॉपला जोडताना हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग करा. डेटाच्या वायरने फोन जोडायचा आणि अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये `USB tethering` चालू करायचं. वायफायचा अडथळाच राहत नाही आणि फोन चार्ज होतो. चार्जिंगच्या काही स्वस्त वायरींतून डेटा जात नाही, त्यामुळे वायर आधी तपासा.

दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर हिशेब करा. जाता-येता १.२ मिळून २.४ एमबीपीएस, म्हणजे तासाला साधारण १.१ जीबी. दुपारी रील बघण्यात अर्धा जीबी गेला असेल तर तासाची मुलाखत मध्येच अडेल, कारण पॅक संपला की वेग एकदम खाली येतो. त्या दिवशी मोबाइल डेटा राखून ठेवा किंवा छोटा डेटा पॅक वर टाका. दोन सिमचा फोन असेल तर दुसऱ्या सिमवर फोन आल्यावर बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो. मुलाखतीपुरतं दुसरं सिम बंद ठेवा.

आदल्या दिवशी, त्याच वेळी

मित्राला किंवा मैत्रिणीला त्याच अॅपवर अर्ध्या तासाच्या कॉलवर बसवा. झूमला `zoom.us/test` वर एकट्यानेही तपासणी करता येते, पण समोर माणूस असलेला बरा, कारण तुमचा आवाज कसा येतो हे तोच सांगू शकतो. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये लॅपटॉप तापत नाही, अर्ध्या तासात कळतं. चार्जर लावूनच बसा, बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला मंद होतो.

या तालमीत स्क्रीन शेअर जरूर करून बघा. मॅकवर पहिल्यांदा शेअर करताना परवानगी मागितली जाते, ती `Privacy & Security` मध्ये जाऊन द्यावी लागते आणि अॅप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. हे मुलाखतीत झालं तर कॉल सोडून परत यावं लागतं. ब्राउझरमधून मीटिंग असेल तर कॅमेरा आणि माइकची परवानगीही याच वेळी द्या. कॅमेरा काळा दिसत असेल तर आधी त्याच्यावरची सरकती झडप बघा, मग कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण, आणि मग दुसऱ्या कुठल्या अॅपने कॅमेरा धरून ठेवलाय का ते.

मित्राला रेकॉर्डिंग करायला सांगा आणि दोन मिनिटांचा तुकडा मागवून घ्या. स्वतःच्या पडद्यावर दिसणारं चित्र हे थेट कॅमेऱ्याचं असतं, इंटरनेटवरून गेल्यावर ते कसं उरतं हे त्या रेकॉर्डिंगमध्येच दिसतं. भाचीच्या रेकॉर्डिंगमध्ये उजेड छान होता, पण तिच्या पांढऱ्या कुर्त्याने चेहरा किंचित काळवंडला होता. गडद निळा कुर्ता घातला आणि ते सुटलं. बारीक रेघांचे आणि चौकड्यांचे कपडे कॅमेऱ्यात लहरतात, तेही टाळा.

फोनमध्ये मीटिंगचं तेच अॅप घालून, लॉगिन करून, लिंक उघडता येईल अशी ठेवा. मुलाखत घेणाऱ्याचा किंवा एचआरचा नंबर सेव्ह करा, नसेल तर मेलने मागून घ्या. ‘इंटरनेट तुटलं, दोन मिनिटांत फोनवरून जोडते’ असा मजकूर मेलच्या ड्राफ्टमध्ये लिहून ठेवा.

कॉल चालू असताना चित्र अडायला लागलं तर थांबून सांगा आणि विचारा, ‘लाइन थोडी मंद झाली आहे, काही वेळ व्हिडिओ बंद केला तर चालेल का?’ व्हिडिओ बंद केला की बहुतेक भार जातो आणि आवाज लगेच सुधारतो. दोन मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा. आवाजच तुटत असेल तर बोलत राहू नका. कॉल सोडा, टेदरिंग चालू करा, लॅनची केबल लॅपटॉपमधून काढा म्हणजे तो फोनच्या लाइनवर जाईल, आणि परत जोडा. तेही मिनिटभरात जमलं नाही तर थेट फोनवरून अॅप उघडा आणि परत आत गेल्यावर शेवटचं ऐकू आलेलं वाक्य त्यांना सांगून पुढे सुरू करा.